मीटिंगचा प्रवेश

कचेरीच्या वार्षिक संमेलनासाठी दहा मिनिटांचे प्रहसन लिहिण्याचे काम यंदा मजकडे आले, आणि विनोद व्यक्तीवर न बेतता वहिवाटीवर बेतला तरच तो पहिल्या रांगेतील वरिष्ठांनाही पचतो, हे जाणून मी एकच प्रसंग घेतला: पुढील मीटिंग केव्हा घ्यावी हे ठरविण्यासाठी भरलेली मीटिंग. तीत खातेप्रमुख गंभीरपणे डेडलाइन 'काल' असल्याचे जाहीर करतात, दोन विभाग विलंबाचे श्रेय अत्यंत नम्रतेने परस्परांस बहाल करतात, आणि ज्याला कोणी काही विचारलेले नसते असा शिपाई चहा मांडता मांडता म्हणतो, "साहेब, ते काम मंगळवारीच झालं, कागद तुमच्याच टेबलावर आहे." तालमीत हे वाक्य दोनदा फुकट गेले, कारण शिपाई झालेले आमचे हिशेबनीस ते प्रेक्षकांकडे वळून, हशाची वाट पाहत म्हणत; त्यांना नजर खाली ठेवून, बशी पुसत म्हणावयास लावले, तेव्हा कोठे ते वठले. मसुदा मंजुरीहून परतला तो बढतीविषयीचा एक शेरा तांबड्या शाईने खोडून (तो खरोखरच एका गृहस्थांवर बेतलेला होता, हे कबूल करतो). शिपायाच्या वाक्यास मात्र कोणी हात लावला नव्हता.