मेट्रोचं तिकीट एकमान पद्धतीने काढू नका

शिक्षक मित्रांनो, पाचवी-सहावीच्या मुलांना हे उदाहरण घालून पाहा: 3 किमीला 10 रुपये तिकीट, तर 12 किमीला किती? बहुतेक मुलं चटकन 40 म्हणतील. पण मुंबईच्या मेट्रो 2ए आणि 7 वर 2022 पासूनच्या दरपत्रकात उत्तर आहे 20 रुपये. मुलांचा गुणाकार बरोबर असतो, पद्धत मात्र इथे लागूच होत नाही.

ते दर असे आहेत:

3 किमीपर्यंत – 10 रु.
3 ते 12 किमी – 20 रु.
12 ते 18 किमी – 30 रु.
18 ते 24 किमी – 40 रु.
24 ते 30 किमी – 50 रु.

आता 14 किमीचा प्रवास घ्या. पहिली पायरी, 14 कोणत्या टप्प्यात बसतं ते शोधायचं. 12 पेक्षा जास्त, 18 पेक्षा कमी. दुसरी पायरी, त्या टप्प्याचा दर वाचायचा. 30 रुपये. झालं! गुणाकार नाही, भागाकार नाही.

इथे हुशार मुलं एक वेगळी चूक करतात. वीजबिलात पहिल्या युनिटांना एक दर आणि पुढच्यांना दुसरा, मग सगळ्यांची बेरीज, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. तसंच ती 10 + 20 + 30 = 60 करतात. म्हणून फळ्यावर स्पष्ट लिहा: वीजबिलात टप्पे मिळवायचे, तिकिटात फक्त शेवटचा टप्पा बघायचा.

दुसरी अडचण सीमेची. बरोबर 12 किमी असेल तर? तक्त्यात 12 दोन ओळींत दिसतो. उदाहरण देताना आपणच '3 पेक्षा जास्त, 12 पर्यंत' असं लिहायला हवं, नाहीतर मुलाचा गुण आपल्या भाषेमुळे जातो. आणि अंतर हे रुळावरचं, स्टेशन ते स्टेशन घ्यायचं. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं नाही.

मुलं हमखास विचारतात, "सर, मधे उतरून दोन तिकिटं काढली तर स्वस्त पडेल का?" त्यांनाच करू द्या. 14 किमीचे 12 + 2 केले तर 20 + 10 = 30. तेवढेच! 7 + 7 केले तर 40, म्हणजे तोटाच. 24 किमीचे 12 + 12 केले तरी 40 च. या तक्त्यात तोडून फायदा होतच नाही, हे मुलं स्वतः शोधतात.

म्हणून माझं मत असं, की तिकिटाची उदाहरणं समचलनाच्या धड्यात घालूच नयेत. ती तक्ता वाचनाच्या धड्यात घ्या. अंतर दुप्पट झालं की भाडं दुप्पट होतं का, हे आधी तपासायला शिकवा. 6 किमीला 20 आणि 12 किमीलाही 20, एवढी एक जोडी पुरेशी आहे.