छातीच्या सीटीआधी नाडी, पाय आणि वय बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एक मावशी विहाराच्या पायरीवर येऊन बसल्या. वय ६४, चार घरची धुणीभांडी. हातात प्रयोगशाळेचा कागद. त्यावर एका आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘एच’ छापलेला. म्हणाल्या, “ताई, डॉक्टर म्हनले फुफ्फुसात गाठ अडकली असंल, आजच सीटी करा. सून कानातलं मोडायला निघालीय. तुम्ही बघा बरं एकदा.”

आम्ही कागद बघितला. डी-डायमर ५९०, शेजारी प्रयोगशाळेने लिहिलेली मर्यादा ५००. कागदाएवढंच लक्ष आम्ही मावशींकडेही दिलं, कारण या आजारात नुसता कागद वाचून काही कळत नाही.

आजार आधी समजून घेऊ. बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून रक्ताबरोबर वर सरकते, हृदयाच्या उजव्या बाजूतून जाते आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. याला डॉक्टर पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. एकाएकी दम लागतो, श्वास घेताना छातीत कळ येते, कधी खोकल्यातून रक्त पडतं, कधी माणूस चक्कर येऊन कोसळतो. मोठी गुठळी काही तासांत जीव घेऊ शकते. म्हणून डॉक्टरांना धास्ती वाटते ते बरोबरच आहे. आमचं भांडण त्या धास्तीशी नाही. आधी तपासणी आणि मग विचार, अशा उलट्या क्रमाशी आहे.

डी-डायमर म्हणजे काय? गुठळी फायब्रिन नावाच्या धाग्यांनी बांधलेली असते. शरीर ती गुठळी विरघळवू लागलं की धाग्यांचे तुकडे रक्तात येतात, तेच डी-डायमर. पण असे तुकडे गरोदरपणात वाढतात, ऑपरेशननंतर वाढतात, न्युमोनियात, टीबीत, कॅन्सरमध्ये वाढतात आणि नुसतं वय वाढलं तरी वाढतात. म्हणून डी-डायमर जास्त आला तर गुठळी आहे असं सिद्ध होत नाही. उपयोग आहे तो कमी येण्याचा. मुळात शंका फार नसलेल्या माणसात हा आकडा कमी आला, तर गुठळी नाही असं धरून सीटी टाळता येतो.

‘शंका फार नसलेला’ कोण, हे मात्र रक्त काढायच्या आधी ठरवावं लागतं. कॅनडातले डॉक्टर फिलिप वेल्स यांनी यासाठी गुणांची पद्धत बसवली. पाय सुजलेला आणि शिरेवर दाबल्यास दुखणारा असेल तर ३ गुण. दुसऱ्या कुठल्याही आजारापेक्षा गुठळीच जास्त संभवते असं डॉक्टरांना वाटलं तर ३. नाडी मिनिटाला १०० च्या वर असेल तर दीड. चार आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल किंवा तीन दिवस वा जास्त अंथरुणाला खिळून असेल तर दीड. पूर्वी कधी गुठळी झाली असेल तर दीड. खोकल्यातून रक्त असेल तर एक, कॅन्सर असेल तर एक. बेरीज ४ पर्यंत असेल तर डी-डायमर करायचा. ४ च्या वर गेली तर डी-डायमरच्या नादी न लागता थेट सीटी.

यासाठी लागतं काय? घड्याळ, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र आणि शिंप्याची टेप. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजाव्यात. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो मनावर घ्यावा. नर्सच्या नोकरीत आम्ही पाहिलं आहे, पाय बघायचा तर साडी वर घ्यायला सांगावं लागतं, आणि गर्दीत ते कुणी सांगत नाही. फॉर्मवर टिकमार्क करणं सोपं जातं.

मावशींची नाडी ९२ भरली, ऑक्सिजन ९७. दोन्ही पाय सारखे, न दुखणारे. ऑपरेशन नाही, पूर्वी गुठळी नाही, कॅन्सर नाही, रक्त नाही. दोन दिवसांपूर्वी पाण्याचा ड्रम उचलताना छातीत चमक भरली होती आणि त्याच बरगडीवर बोट ठेवलं की त्या विव्हळत होत्या. बरगडी दुखते म्हणून गुठळी नाही असं कुणी समजू नये, पण दुसरं कारण जास्त पटण्यासारखं होतं. गुण शून्य.

आता राहिला तो ‘एच’. ५०० ही मर्यादा तरुणांना ठीक आहे. वय वाढलं की आकडा आपोआप चढतो. म्हणून पन्नाशीच्या पुढे मर्यादा काढायची ती वय गुणिले दहा अशी. चौसष्ट वर्षांच्या माणसाला ६४०. मावशींचा आकडा ५९०, म्हणजे मर्यादेच्या आत. हा आमच्या मनाचा हिशेब नाही. युरोपातल्या चार देशांतल्या रुग्णालयांनी तो रुग्णांवर तपासला आणि २०१४ साली निष्कर्ष छापला. ज्यांचा आकडा ५०० च्या वर पण वयाच्या मर्यादेच्या आत होता, अशा ३३१ जणांना गुठळीचं औषध न देता तीन महिने लक्ष ठेवलं. त्यातल्या एकालाच पुढे गुठळी झाली आणि तो दगावला नाही.

इथे एक खाचखळगा आहे, तो नीट लक्षात ठेवा. आकड्याशेजारी एकक वाचल्याशिवाय हिशेब करू नये. हा सगळा हिशेब ‘एफईयू’ या एककातला, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधला आहे. काही प्रयोगशाळा ‘डीडीयू’ मध्ये मोजतात, तिथे आकडा साधारण निम्मा येतो. म्हणजे डीडीयूमधला ३२० हा एफईयूमधला साधारण ६४० असतो. ज्याने एकक वाचलं नाही, तो ३२० पाहून निर्धास्त घरी पाठवेल. काही ठिकाणी ५०० च्या जागी ०.५ छापतात, तो मिलिग्रॅम प्रति लिटरचा हिशेब. मावशींच्या कागदावर एफईयूच होतं, तेव्हाच आम्ही पुढे बोललो.

आम्ही डॉक्टर नाही, आम्ही निर्णय दिला नाही. गुण, नाडी आणि वयाचा हिशेब एका चिठ्ठीवर लिहून मावशींना पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पुन्हा तपासलं, साधा एक्स-रे काढला आणि सीटीची गरज नाही असं लिहून सही केली. कानातलं कानातच राहिलं.

तरुणांसाठी तर याहून सोपी वाट आहे, त्यांना पुष्कळदा डी-डायमरसुद्धा लागत नाही. वय पन्नासच्या आत, नाडी १०० च्या खाली, ऑक्सिजन ९५ वा जास्त, खोकल्यातून रक्त नाही, एका पायाला सूज नाही, पूर्वी गुठळी नाही, चार आठवड्यांत ऑपरेशन किंवा दवाखान्यात भरती करावी लागली अशी दुखापत नाही, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू नाहीत. या आठही गोष्टी जुळल्या आणि डॉक्टरांनाही आधीपासून शंका अगदी कमी असेल, तर तिथेच थांबता येतं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन गोळीत इस्ट्रोजेन असतं. आमच्या भगिनी ती गोळी घेत असल्याचं सासूसमोर सांगत नाहीत आणि डॉक्टर एकांतात विचारत नाहीत. मग आठातली एक गोष्ट खोटी ठरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

एवढं वाचून कुणी सीटी म्हणजे लुबाडणूकच असं म्हणू लागलं, तर आम्ही त्याला दुसरी हकीकत सांगू. गर्भाशय काढल्याला बारा दिवस झालेली एक ताई. डावी पोटरी सुजलेली, जिना चढताना धाप, नाडी ११८, सकाळी मोरीत चक्कर येऊन पडलेली. एका खाजगी दवाखान्यात तिला अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं, डी-डायमरला रक्त घेतलं आणि संध्याकाळी रिपोर्ट आल्यावर बघू असं सांगितलं. आता गुण मोजा. पाय ३, गुठळीच जास्त संभवते म्हणून ३, नाडीचे दीड, ऑपरेशनचे दीड. बेरीज ९. अशा बाईत डी-डायमर चढलेला असता तर ऑपरेशननेही चढतो म्हणून नवं काही कळलं नसतं. कमी आला असता तरी त्यावर भरवसा ठेवता आला नसता. म्हणजे ती तपासणी दोन्ही बाजूंनी निरुपयोगी, आणि दिवस मात्र गेला. रात्री मोठ्या रुग्णालयात सीटी झाला तेव्हा दोन्ही फुफ्फुसांत गुठळ्या होत्या. इतकी दाट शंका असेल तर सीटीची वाट बघतानाच रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू करायचं असतं. ताई वाचली. अजून गोळ्या चालू आहेत.

सीटी लागतोच तेव्हा कोणता हेही विचारावं. कोरोनाच्या काळात घरोघरी माहीत झालेला एचआरसीटी इथे चालत नाही. त्यात फुफ्फुसाचा भाग दिसतो, पण रक्तवाहिनीतली गुठळी दिसत नाही. हवी असते ती सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी. तिच्यात शिरेतून औषध सोडून ते फुफ्फुसाच्या वाहिनीत पोचतं त्या क्षणी फोटो घेतात. त्या औषधाचा मूत्रपिंडावर भार पडू शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात. ज्याचं मूत्रपिंड खराब आहे किंवा जी गरोदर आहे आणि जिचा पाय सुजला आहे, तिच्या पायाची डॉपलर सोनोग्राफी आधी करावी. पायातच गुठळी सापडली तर औषध तेच द्यायचं असतं, बहुतेक वेळा छातीचा सीटी टळतो.

विनाकारण केलेल्या सीटीचं आणखी एक दुखणं आहे. कधी कधी अगदी टोकाच्या बारीक वाहिनीत शंकास्पद डाग दिसतो. तो खरा की खोटा ठरत नाही, पण माणसाला महिनोन्‌महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लागतात. त्या गोळ्यांनी पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून आमची मागणी एकच आहे आणि ती पैशाची नाही. डी-डायमरच्या फॉर्मवर, रक्त काढायच्या आधी, डॉक्टरांनी वेल्सचे गुण लिहावेत. चार आकड्यांची बेरीज लिहायला एक मिनिट लागत नाही. ज्या फॉर्मवर गुण नाहीत तो प्रयोगशाळेने परत पाठवावा. आणि ‘फुल बॉडी’ पॅकेजात हौसेने डी-डायमर घालणं बंद करावं, कारण तक्रार नसलेल्या माणसाला त्या आकड्यातून भीतीशिवाय काही मिळत नाही.

ज्यांचा सीटी टळला त्यांनीही एक ध्यानात ठेवावं. शक्यता फार कमी झालेली असते, शून्य होत नाही. दम वाढला, चक्कर आली, एक पाय सुजला किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर जुना रिपोर्ट दाखवत बसू नये. त्याच दिवशी परत जाऊन गुण नव्याने मोजून घ्यावेत. ओठ निळे पडले, शुद्ध हरपत असेल किंवा रक्तदाब खाली गेला असेल, तर गुणही मोजायचे नाहीत. १०८ ला फोन करायचा. मावशींना आम्ही हे सारं दोनदा सांगितलं, सुनेकडून वदवून घेतलं. आठ-दहा दिवसांत त्यांची बरगडी दुखायची थांबली, आणि ड्रम आता नातू उचलतो.