कंस नेमका कुठे चुकला?

कंस जुळतात का, याला नुसतं 'हो' किंवा 'नाही' सांगणारा प्रोग्रॅम माझ्या मते अर्धवटच. समजा, सणसरचा पत्ता कुणी असा टाईप केला:

```
Sansar(Indapur[Pune)
```

शून्यापासून मोजा. उघडणारा कंस त्याच्या जागेसकट स्टॅकवर ठेवायचा, जोडी जुळली की वरचा काढायचा. इथे `(` ६ वर, `[` १४ वर. १९ वर `)` येतो, पण स्टॅकच्या माथ्यावर `[` बसलाय! पहिली विसंगती १९ वर. खरी गफलत मात्र बहुधा १४ पासून, `]` राहून गेलाय. म्हणून दोन्ही जागा सांगा.

बंद करणारा कंस आला आणि स्टॅक रिकामा, तर त्या कंसाचीच जागा. स्ट्रिंग संपूनही स्टॅकवर काही उरलं, तर 'शेवटी चूक' म्हणून मोकळे होऊ नका. तळाच्या, म्हणजे सर्वांत आधी उघडलेल्या कंसाची जागा द्या.