नव्वद सेकंदांत कुणाची नावं घ्यावीत?

कोल्हापुरात जन्मलेल्या भानू अथैया ११ एप्रिल १९८३ रोजी लॉस एंजेलिसमधल्या व्यासपीठावर ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर घ्यायला गेल्या. पुरस्कार जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून होता. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. एवढ्या मोठ्या प्रसंगी त्या बोलल्या मात्र जेमतेम दोन वाक्यं. पहिल्या वाक्यात हे खरं वाटत नाही एवढंच होतं. दुसऱ्यात अकादमीचे आभार होते आणि दिग्दर्शक सर रिचर्ड ॲटनबरो यांचे, कारण त्यांनी जगाचं लक्ष भारताकडे वळवलं.

दुसऱ्या वाक्यात आभार आणि आभाराचं कारण एकत्र आलं, म्हणून ते आजही आठवतं. बक्षीस घेताना केलेली बहुतेक भाषणं विसरली जातात, कारण त्यांत नावं असतात, पण त्या माणसांनी काय केलं ते नसतं.

महाविद्यालयीन महोत्सवात सर्वोत्कृष्ट लघुपटाचं बक्षीस घेणाऱ्या विशीतल्या दिग्दर्शकानं हे मनावर घ्यायला हवं. त्याला मिळणारा माइक पुढं मोठ्या मंचावर मिळेलच असं नाही. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यास शिकताना केला आणि त्याला ५८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचं पारितोषिक मिळालं. पण राष्ट्रीय पुरस्काराच्या सोहळ्यात विजेत्यांनी भाषण करण्याची रीत नाही. नाव पुकारलं जातं, पदक घेतलं जातं, छायाचित्र निघतं आणि पुढचं नाव येतं. महाविद्यालयाच्या सभागृहात मात्र सूत्रसंचालक आवर्जून म्हणतो, “दोन शब्द बोला.” चित्रपटासाठी राबलेली मुलं तिथंच खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यांच्या कामाबद्दल चारचौघांत बोलण्याची अशी संधी दिग्दर्शकाला क्वचितच मिळते.

वेळ किती असतो? सांगितलेला असो वा नसो, दीड मिनिटाच्या पुढं सभागृह चुळबुळ करू लागतं. सावकाश, ऐकू जाईल असं मराठी बोलायचं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. म्हणजे हाती आले दीडशे ते एकशे ऐंशी-नव्वद शब्द, वहीचं एक पान. त्यातलं अर्धं पान आपल्याकडे एका सवयीनं जातं. ‘व्यासपीठावरील आदरणीय अध्यक्ष महोदय’ इथून सुरुवात होते आणि प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख, प्रमुख पाहुणे, परीक्षक असं करत पाऊण मिनिट सरतं. या सगळ्यांची नावं सूत्रसंचालकानं स्वागतावेळी घेतलेली असतात. दिग्दर्शकानं परीक्षकांचे आणि आयोजकांचे एका वाक्यात आभार मानले, तर कुणाचाही मान कमी होत नाही.

वेळ वाटून घेतला नाही तर काय होतं ते १२ मार्च २०२३ च्या ऑस्कर सोहळ्यात जगानं पाहिलं. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या लघु माहितीपटाला पुरस्कार मिळाला. दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस बोलल्या. निर्मात्या गुनीत मोंगा बोलायला पुढं सरकल्या तेवढ्यात वाद्यवृंद सुरू झाला. ऑस्करमध्ये भाषणाला साधारण ४५ सेकंद असतात आणि ती संपली की संगीत वाजतं. मोंगा यांनी नंतर त्याबद्दलची खंत उघडपणे बोलून दाखवली. दोघींना बोलायचं असेल तर कोण आधी, किती वेळ आणि कोण काय सांगणार हे खुर्चीवरून उठण्याआधीच ठरवलेलं असावं लागतं.

सत्यजित राय यांचं भाषण वेगळ्या कारणासाठी पाहण्यासारखं आहे. १९९२ साली त्यांना मानद ऑस्कर दिलं गेलं तेव्हा ते कोलकात्याच्या रुग्णालयात होते. भाषण खाटेवरच चित्रित झालं आणि ३० मार्चला सोहळ्यात दाखवलं गेलं. २३ एप्रिलला ते गेले. सिनेमा आपण अमेरिकन चित्रपटांकडून शिकलो, हे त्यांना सांगायचं होतं. ते त्यांनी नुसतं म्हटलं नाही. शाळकरी वयात अभिनेत्री जिंजर रॉजर्स यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. ‘डबल इंडेम्निटी’ पाहून दिग्दर्शक बिली वाइल्डर यांना बारा पानी पत्र लिहिलं, त्यांनीही उत्तर दिलं नाही. या दोन बारक्या हकिगतींमधून कलकत्त्यातला सिनेमावेडा मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला. कृतज्ञता मोजक्या तपशिलातून पोचते, विशेषणांतून नाही.

आता हे महाडच्या जमिनीवर आणून पाहू. एक काल्पनिक उदाहरण घेऊ, पार्श्वभूमी मात्र खरी. २२ जुलै २०२१ ला सावित्री नदीच्या पुरात महाडमधली घरं-दुकानं बुडाली, त्याच दिवशी तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरकडच्या एका विद्यार्थिनीनं पुरानंतरच्या बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानावर बारा मिनिटांचा कथापट केला, असं धरू. भिंतीवर उरलेल्या पाण्याच्या खुणेवरून नाव ‘पाण्याची रेघ’. चित्रीकरण दोन दिवस, तेही भर पावसात. महोत्सवात पहिलं बक्षीस मिळालं. तिनं हे बोलावं:

“नमस्कार. परीक्षकांचे आणि हा महोत्सव भरवणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे आभार. आमच्या फिल्ममधला पाऊस खरा आहे, पण माणसांचं बोलणं नंतर भरलेलं आहे. दोन्ही दिवस पत्र्यावर इतका पाऊस होता की एक शब्द कळत नव्हता. आवाजाचं काम करणारा आमचा मित्र सगळ्यांना घेऊन रात्री दुकानामागच्या गोदामात बसला. त्यानं चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि प्रत्येक वाक्य ओठांवर नीट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांच्या दुकानात आम्ही होतो त्या काकांनी दोन दिवस धंदा बंद ठेवला आणि भाडं घेतलं नाही. आजीचं काम करणाऱ्या मावशी कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिल्या. मी लिहिलेला शेवट त्यांना पटला नाही. ‘पाणी उतरल्यावर बाई रडत बसत नाही गं, आधी झाडू शोधते,’ असं त्या म्हणाल्या. आम्ही शेवट बदलला, आणि तुम्ही तोच पाहिलात. काका आणि मावशी समोर बसलेत, त्यांनी उभं राहावं अशी विनंती करते. संकलन करणारी मैत्रीण माझ्याशेजारी आहे. पुढचं ती बोलेल.”

शब्द सव्वाशेच्या आसपास, वेळ मिनिटभराच्या थोडा वर. मैत्रिणीसाठी पाव-अर्धं मिनिट उरतं. मित्र, काका, मावशी यांच्या जागी सभागृहात अर्थातच पूर्ण नावं यायला हवीत.

या भाषणात आधी आवाजाचा उल्लेख येतो, त्याला कारण आहे. विद्यार्थ्यांच्या लघुपटात चित्र बहुधा निभावून जातं, कारण हल्ली चांगला फोनही पुरेसा असतो. पण आवाज बिघडला तर प्रेक्षक तिसऱ्या मिनिटाला सुटतो. कोकणातल्या पावसात, पत्र्याखाली, साध्या माइकवर संवाद टिपणं जवळपास अशक्य असतं. मग संवाद पुन्हा मुद्रित करून चित्राशी जुळवावे लागतात आणि खोली घुमू नये म्हणून जाड कापडं टांगावी लागतात. काम चोख झालं की ते प्रेक्षकाला जाणवतच नाही. चित्र पडद्यावर दिसतं, अभिनय दिसतो, पण ध्वनीची मेहनत कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून ती सांगण्याची पहिली जबाबदारी दिग्दर्शकाची.

मावशींचा उल्लेख आणखी मोलाचा आहे. शेवट त्यांनी सुचवला, हे मान्य केल्यानं दिग्दर्शिकेचं श्रेय कमी होत नाही. ऐकून घेऊन शेवट बदलणं हे तिचंच काम होतं. पण ती कल्पना परीक्षकांनी वाखाणली आणि तिनं मूग गिळले, तर पुढच्या चित्रीकरणात मावशींसारखं माणूस मोकळेपणानं सुचवणार नाही.

भाषणात एक गोष्ट मुद्दामच नाही. काकांचं पुरात किती नुकसान झालं, कर्ज किती, घरात काय घडलं, यातलं काहीही दिग्दर्शिका सांगत नाही. त्यांनी दुकान चित्रपटासाठी दिलं होतं, आपलं दुःख माइकवर सांगण्यासाठी नाही. अशा वेळी टाळ्या मिळवणारं वाक्य तोंडाशी येतं आणि ते समोर बसलेल्या माणसाला खाली मान घालायला लावतं. काय सांगितलेलं चालेल हे त्या माणसाला आदल्या दिवशी विचारून घेणं, एवढाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. तळीयेसारख्या घटनेबद्दल तर दुप्पट जपावं, कारण महाडच्या सभागृहात त्या गावचं कुणीतरी बसलेलं असण्याचा संभव नेहमीच असतो.

बाकीच्या अडचणी साध्या आहेत. नावं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवावीत आणि कागद बघून वाचावीत. आठवणीवर विसंबलं की जवळचंच नाव सुटतं. माइक तोंडाला चिकटला की शब्द फुटतात आणि छातीशी धरला की मागच्या रांगेला काही कळत नाही, तेव्हा वीतभरापेक्षा कमी अंतर बरं. गळा दाटून आला तर थांबावं, श्वास घ्यावा आणि कागदावरच्या पुढच्या नावावर जावं. कथा पुन्हा सांगू नये, ती सगळ्यांनी नुकतीच पाहिलेली असते. घरच्यांचे आभार जरूर मानावेत, पण तिथंही त्यांनी नेमकं काय केलं ते यावं. मुलीला रात्री दहाला महाडहून पोलादपूरला परतायचं म्हणून भाऊ दुचाकी घेऊन थांबला असेल, तर तेवढंच सांगावं.

भाषणाच्या आधी आणखी एक काम उरकावं लागतं. महोत्सवाच्या प्रमाणपत्रावर आणि धनादेशावर बहुधा दिग्दर्शकाचंच नाव छापलं जातं. प्रवेशिका भरतानाच ध्वनी, संकलन, छायाचित्रण आणि प्रमुख भूमिका करणाऱ्यांची नावं कळवून प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रमाणपत्राची विनंती करता येते. बक्षिसाची रक्कम मिळाली तर ती कशी वाटायची, हेही चमूनं चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं. हे आधी झालेलं असलं तर माइकसमोर उभ्या राहिलेल्या मुलीला “हे बक्षीस आमचं आहे” असं मोकळ्या मनानं म्हणता येतं, आणि शेजारी उभ्या असलेल्या संकलक मैत्रिणीला ते खरंही वाटतं.