बायफोकलला चार दिवस का लागतात?

"भाई, आजच मिळेल का?" मानोऱ्यात काय नि मुंबईत काय, चष्म्याच्या दुकानात हा प्रश्न ठरलेलाच. शेजाऱ्याला तासाभरात चष्मा मिळतो आणि आपल्याला चार दिवस सांगतात, तेव्हा दुकानदार उगाच खेटे घालायला लावतोय असं वाटतं. माझ्या मते त्याचा दोष एवढाच, की तो कारण सांगत नाही.

साध्या नंबरच्या गोल काचा दोन्ही बाजूंनी तयार होऊनच दुकानात येतात. त्यात सिलिंडर नंबर असला तरी काच हवी तेवढी फिरवून अक्ष जुळवायचा आणि फ्रेमच्या मापाने कापायची. चाळिशीनंतर बायफोकल लागला की ही सोय संपते. वाचनाची चकती खालीच राहिली पाहिजे, आणि काच फिरवली की चकतीही फिरते. म्हणून अक्ष मागच्या बाजूला घासूनच आणावा लागतो, आणि ती यंत्रं लॅबमध्ये असतात.

समजा नंबर आहे -१.५०, सिलिंडर -२.२५, अक्ष २०, वाचनाला +१.५०. लॅब पुढची बाजू तयार असलेली जाड काच निवडते. तिचा पुढचा बाक +६ आणि +१.५० ची चकती त्यातच ओतलेली. मग मागची बाजू एका दिशेने साधारण -७.५० आणि तिच्या काटकोनात -९.७५ अशी कोरायची. त्यासाठी काच गरम मिश्रधातूने ठोकळ्यावर चिकटवतात. ती पूर्ण थंड होण्याआधी घासली, तर ठोकळ्यावरून सुटल्यावर पृष्ठभाग वाकडा निघतो. कोरल्यावर बारीक घासणं, मग पॉलिश. वरून कोटिंग हवं असेल तर काच तासन्‌तास भट्टीत सुकवून निर्वात यंत्रात घालतात. खरा वेळ इथे आणि जाण्यायेण्यात जातो, कडा कापण्यात नव्हे.

घाई केली की कात्री लागते ती शेवटच्या तपासणीला. वरच्या नंबरात अक्ष फक्त ५ अंशांनी चुकला तरी सुमारे ०.४० चा सिलिंडर डोळ्यावर उरतो. देवनागरी कशीबशी वाचता येते. उर्दूत मात्र 'नून'चा एक नुक्ता पसरून 'ते'च्या दोन नुक्त्यांसारखा दिसू लागतो, आणि आम्ही डोळ्यांना दोष देतो!

म्हणून तारखेवरून हुज्जत घालू नये. चष्मा घेताना मात्र जरूर घालावी. दुकानात लेन्सोमीटर असेल तर समोरच लावायला सांगावं आणि अक्ष कागदाशी ताडून पाहावा. मग चष्मा घालून सरळ समोर बघावं. चकतीची वरची रेघ खालच्या पापणीच्या कडेपाशी यायला हवी. एका डोळ्याला ती वर आणि दुसऱ्याला खाली दिसली, तर आधी फ्रेम वाकडी बसली आहे का ते पाहायला सांगावं. फ्रेम सरळ असूनही फरक राहिला, तर काच परत पाठवावी, आणखी चार दिवस गेले तरी.