कापलेल्या कराचे व्याज कोणाचे?

नाशिकमध्ये स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एका तरुण वास्तुविशारदाचे उदाहरण घेऊ. 2025-26 या आर्थिक वर्षात चार बिल्डरांकडून त्याला मिळून 9 लाख रुपये शुल्क मिळायचे होते. प्रत्येकाने बिलाच्या 10 टक्के रक्कम उद्गम करकपात, म्हणजे टीडीएस, म्हणून कापली. हातात आले 8 लाख 10 हजार. उरलेले 90 हजार त्याच्या पॅनवर सरकारकडे जमा व्हायचे.

या 90 हजारांना कर म्हणणे घाईचे ठरेल. प्राप्तिकर वर्षाच्या उत्पन्नावर लागतो आणि ते उत्पन्न 31 मार्चपर्यंत कोणालाच पुरते ठाऊक नसते. बिल्डरासमोर एकच बिल असते. त्या व्यावसायिकाच्या कार्यालयाचे भाडे, मदतनिसाचा पगार, वर्षातले रिकामे महिने, यातले त्याला काही दिसत नाही आणि कायदा ते पाहायला सांगतही नाही. नोकरदाराचे वेगळे. त्याचा मालक वर्षाच्या कराचा अंदाज बांधून दरमहा कपात करतो, त्यामुळे शेवटी फरक थोडाच राहतो. व्यावसायिकाची कपात मात्र ढोबळ शुल्कावर सरसकट होते. ती वर्षाच्या कराची आगाऊ उचल आहे आणि हिशेब विवरणपत्रातच पुरा होतो.

तो हिशेब असा. वास्तुविशारदाला कलम 44 एडीएनुसार निम्मे शुल्क उत्पन्न म्हणून दाखवता येते, म्हणजे साडेचार लाख. दुसरे उत्पन्न नाही असे धरू. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही. वरच्या 50 हजारांवर 5 टक्क्यांनी अडीच हजार होतात, ते कलम 87 एच्या सवलतीत माफ. देय कर शून्य, जमा 90 हजार, म्हणून परतावा 90 हजार. हे पैसे मुळात त्याचेच होते. त्याचे वर्षभराचे भाडे कदाचित त्यातून सुटले असते.

यावर व्याज मिळते, दरमहा अर्धा टक्का. पण विवरणपत्र मुदतीत भरले तरी ते मोजायला सुरुवात होते वर्ष संपल्यानंतरच्या 1 एप्रिलपासून, आणि उशीर झाला तर विवरणपत्र भरल्या दिवसापासून. सप्टेंबरात परतावा आला तर सहा महिन्यांचे 2,700 रुपये मिळतील आणि तेही करपात्र. जून 2025 मध्ये कापलेल्या रकमेला मार्च 2026 पर्यंत काहीच नाही. याच करदात्याने आगाऊ कर कमी भरला असता तर त्याच्याकडून दरमहा 1 टक्का घेतला गेला असता. देणे त्याचे असेल तर एक दर आणि सरकारचे असेल तर त्याच्या निम्मा, हा व्यवहार आम्हाला न्याय्य वाटत नाही.

याहून वाईट अवस्था होते ती एखाद्या बिल्डराने 30 हजार कापूनही तिमाही विवरण भरले नाही, किंवा पॅन चुकीचा लिहिला, तर. मग फॉर्म 26 एएसमध्ये ती नोंदच दिसत नाही, आणि यंत्रणा 60 हजारच मान्य करते. कापलेला कर पुन्हा करदात्याकडे मागता येत नाही, असे कलम 205 सांगते. पण मागणीपासून संरक्षण मिळाले म्हणून अडकलेला परतावा हातात येत नाही. त्यासाठी बिल्डराकडे खेटे घालावे लागतात आणि पुढचे काम त्याच्याकडूनच मिळणार असल्याने फार बोलताही येत नाही. म्हणून व्यावसायिकांनी मार्चची वाट पाहू नये. एप्रिल ते जूनचे विवरण भरण्याची मुदत 31 जुलै असते. ऑगस्टच्या मध्याला आपली बिले, बँकेत आलेली रक्कम आणि पॅनवरच्या कपातीच्या नोंदी शेजारी ठेवून पाहावे. 1 लाखाच्या बिलापोटी 90 हजार आले असतील आणि नोंद नसेल, तर त्याच आठवड्यात लेखी विचारणा करावी.

कपातच कमी व्हावी यासाठी कमी दराचे प्रमाणपत्र मागता येते. त्यासाठी अर्ज करायचा, आधीच्या वर्षांचे हिशेब द्यायचे, अधिकाऱ्याच्या निर्णयाची वाट पाहायची आणि प्रमाणपत्र मिळाले की पुढच्याच बिलांना त्याचा उपयोग. ठेवीच्या व्याजावर कपात नको असेल तर कर लागू नसलेला ठेवीदार बँकेत एक साधा स्वयंघोषणेचा फॉर्म देतो. व्यावसायिक शुल्काला ती सोय नाही.

टीडीएस रद्द करा, असे आम्ही म्हणणार नाही. उत्पन्नाची नोंद त्यामुळेच राहते आणि सरकारला वर्षभर पैसा मिळतो. पण ज्याचा वर्षाचा कर शून्य आहे त्या छोट्या व्यावसायिकाला ठेवीदारासारखे स्वयंघोषणापत्र देता आले पाहिजे, आणि जादा कापलेल्या रकमेवर व्याज कपातीच्या तारखेपासून मिळाले पाहिजे. अर्थमंत्रालयाने या दोन दुरुस्त्या येत्या अर्थसंकल्पात कराव्यात.