परिचयाच्या पहिल्या दोन ओळी

लिंक्डइनवरील 'About' या भागात २,६०० अक्षरांपर्यंत मजकूर मावतो. परंतु पडद्यावर आधी दिसतात त्या आरंभीच्या काही ओळीच. उरलेले वाचण्यासाठी वाचकाला मुद्दाम बोट लावावे लागते. आपल्या अनेक व्यावसायिकांचे परिचय नेमके येथेच वाया जातात.

अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीजवळ कार्यालय असलेला एखादा कर सल्लागार घ्या. त्याचा परिचय असा असतो: 'जीएसटी, प्राप्तिकर, टीडीएस, पॅन, शॉप ॲक्ट, उद्यम नोंदणी, प्रोजेक्ट रिपोर्ट अशा सर्व सेवा एकाच छताखाली.' यात खोटे काही नाही. मात्र ही यादी वाचून फोन येतात ते 'पॅनकार्डाचे किती घ्याल?' असे विचारणारे. ज्या कारखानदाराला जाणकार सल्लागार हवा असतो, त्याला या गर्दीत आपली अडचण कोठेच दिसत नाही.

परिचय बदलण्यापूर्वी गेल्या वर्षीची बिले काढून बसावे. कोणते पक्षकार वेळेवर पैसे देतात, पुन्हा येतात आणि कोणते काम आपल्याला इतरांपेक्षा चांगले जमते, हे वहीच सांगते. या सल्लागाराच्या वहीत असे पक्षकार म्हणजे कच्चा माल जॉबवर्कसाठी बाहेर पाठवणारे छोटे इंजिनिअरिंग कारखाने, असे समजू. त्यांची धास्ती ठरलेली असते. पाठवलेला माल एका वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तेथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला गेला असे कायदा मानतो. मग त्यावर कर आणि व्याज दोन्ही लागतात. शिवाय आयटीसी-०४ हे विवरण भरायचे असते, ते वेगळेच.

आता नव्या ओळी अशा होतील: 'आपला माल जॉबवर्कला गेला आहे आणि चलनांचा मेळ लागत नाही? अहिल्यानगर (अहमदनगर) व सुपे येथील इंजिनिअरिंग कारखान्यांची जॉबवर्क चलने, वर्षाची मुदत व आयटीसी-०४ यांचे काम आम्ही पाहतो.' जुने नाव कंसात मुद्दाम ठेवले आहे, कारण बाहेरगावचे अनेक जण अजून त्याच नावाने शोध घेतात. त्याखाली काम कसे चालते, पहिल्या भेटीला कोणती चलने आणावीत आणि संपर्क कोठे करावा, एवढे पुरे. बाकीच्या सेवा 'Services' या स्वतंत्र भागात जातात. त्या सोडायच्या नसतात, फक्त दारातून आत सरकवायच्या असतात.

'कर वाचवून देऊ' असे वचन मात्र लिहू नये. त्याने नको ते लोक येतात. सनदी लेखापालांनी तर अधिकच जपावे, कारण १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जाहिरात व ग्राहकयाचना यांवर बंधने आहेत. त्यांनी मजकूर संस्थेच्या चालू नियमांशी आधी ताडून पाहावा.

बदलानंतर फोनांची संख्या बहुधा घटते, आणि पुष्कळ जण घाबरून जुनी यादी परत लावतात. मोजायचे ते फोन नव्हेत, तर फोनवरचा पहिला प्रश्न. 'फी किती?' याऐवजी 'आमची मागच्या वर्षीची चलने जुळत नाहीत, कधी येऊ?' असे कोणी विचारू लागले, की परिचय योग्य माणसाने वाचला आहे.